प्रवासाच्या दिवसांत प्रोटीन आणि कॅलरी कशा सांभाळायच्या? पुणे–हावडा रेल्वेचा एक हिशेब

प्रश्न: वय ३४, वजन ७८ किलो. वजन कमी करतोय, रोज १७०० कॅलरी आणि १२० ग्रॅम प्रोटीन असा प्लॅन आहे, घरी व्यवस्थित जमतो. पण महिन्यातून दोनदा कामासाठी पुण्याहून कोलकात्याला जावं लागतं. सोबत सॅम्पलच्या पेट्या असतात म्हणून जाताना आझाद हिंदने, येताना विमानाने. त्या दिवसांत सगळं कोलमडतं आणि परत आल्यावर वजन दीड किलो वाढलेलं दिसतं. अंडी खातो, मांस-मासे नाही. प्रवासात नेमकं काय खायचं?

उत्तर:

आधी तुमच्या आठवड्याचा हिशेब मांडू, म्हणजे दुखणं कुठे आहे ते दिसेल. नोकरी आणि रोजचं चालणं धरून तुमच्या शरीराला दिवसाला साधारण २२०० कॅलरी लागत असतील. तुम्ही १७०० खाता, म्हणजे रोज ५०० ची तूट. गाडीत बसल्यावर चालणं आठ-नऊ हजार पावलांवरून हजार-दीड हजारावर येतं, त्यामुळे त्या दिवसाची गरजच १९०० च्या आसपास उतरते. आणि नेमकं त्या दिवशी खाणं ३००० वर जातं. जातानाचा आणि येतानाचा असे दोन दिवस धरले तर हजार-बाराशे, हजार-बाराशे मिळून उरलेल्या पाच दिवसांची कमाई जवळपास साफ होते. महिन्यात असे दोन आठवडे. म्हणजे तुमचा प्लॅन निम्माच महिना चालतो.

आता हे ३००० होतात कसे? माझ्याकडे फिरतीच्या नोकरीतले बरेच जण येतात. त्यांच्या प्रवासातल्या नोंदी वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. जेवण फारसं चुकत नाही. दोन वेळचं जेवण साधारण घरच्याइतकंच असतं. चुकतं ते मधलं: चहा, बिस्किटं, वेफर, समोसा, पुन्हा चहा. आणि हे मधलं वाढतं कारण जेवणात प्रोटीन नव्हतं. पोट भरलेलं असतं, पण दीड-दोन तासांत परत काहीतरी हवंसं वाटतं, आणि गाडीत तर दर दहा मिनिटांनी कुणीतरी ‘काहीतरी’ घेऊन ओरडत जातच असतं. म्हणून मी सगळ्यांना एकच सूत्र देते: प्रोटीन घरून न्यायचं, बाकीचं गाडीत मिळेल ते घ्यायचं. भात, पोळी, केळी, संत्री हे देशात कुठल्याही स्टेशनवर मिळतं. पंचवीस-तीस ग्रॅम प्रोटीनचं खाणं मात्र हमखास कुठेच मिळत नाही.

गाडीतल्या साध्या शाकाहारी जेवणाचं उदाहरण घ्या. त्या ट्रेमध्ये दीडशे ग्रॅम भात, शंभर ग्रॅम पोळ्या किंवा दोन पराठे, वाटीभर वरण, भाजी, छोटा दह्याचा कप आणि लोणचं असतं. वरण पातळ असतं, त्यात जेमतेम पाच ग्रॅम प्रोटीन. दह्यात तीन, पोळ्यांत आठ, भातात चार. भाजी धरून सगळं मिळून बावीसच्या आसपास, आणि त्यासाठी कॅलरी सातशेच्या पुढे. पराठे असतील तर आणखी वर. हे जेवण वाईट नाही, पण तुमच्या प्लॅनला ते महाग पडतं.

प्रवासाच्या दिवशी १७०० आणि १२० चा हट्ट सोडा. मी आकडे बदलून देते: प्रोटीन किमान १००, कॅलरी जास्तीत जास्त १९००. म्हणजे त्या दिवशी वजन घटणार नाही, पण वाढणारही नाही. प्रवासात कमी खाऊन तूट राखायला गेलात, तर रात्री दहाला भुकेने हैराण होऊन कुठल्याशा स्टेशनवर उतरून वडे खाल. हे मी अंदाजाने सांगत नाही, लोकांच्या नोंदींत वाचलेलं आहे. प्रोटीन एखाद्या दिवशी साठ-सत्तरवर राहिलं म्हणून स्नायू झिजत नाहीत, तीन-चार दिवसांची सरासरी बघायची. तरीही शंभराचा आग्रह धरते तो भुकेसाठी.

आता तुमची गाडी. आझाद हिंद पुण्याहून संध्याकाळी सुटते, दुसरा अख्खा दिवस गाडीतच जातो आणि तिसऱ्या दिवशी पहाटे हावडा येतं. कॅलेंडरच्या तारखांनी मोजायला जाल तर गोंधळ होईल. खाण्याच्या वेळा मोजा: पहिल्या रात्रीचं जेवण, मग दुसऱ्या दिवशीचा नाश्ता, दुपारचं जेवण, संध्याकाळचं काहीतरी आणि रात्रीचं जेवण. एकूण पाच. पहाटे उतरल्यावर हॉटेलात नाश्ता करणार, तो आपल्या हिशेबाबाहेर. या पाचांपैकी कशात घरचं आणि कशात गाडीतलं, हे घरून निघण्यापूर्वी ठरलेलं असलं पाहिजे.

डबा भरताना प्रश्न एकच: कोणता पदार्थ किती तास टिकतो? जो सगळ्यात आधी खराब होतो, तो सगळ्यात आधी खायचा.

पहिल्या रात्रीसाठी ताजं, ओलसर चालतं, कारण ते निघाल्यापासून दोन-तीन तासांत संपणार आहे. मी मुगाची धिरडी आणि पनीर सुचवीन. ऐंशी ग्रॅम मूग सकाळी भिजवून वाटले की दोन मोठी धिरडी होतात. मूग कोरडेच तोलायचे, भिजल्यावर वजन दुपटीहून जास्त भरतं आणि हिशेब चुकतो. दोन्हीला मिळून चमचाभर तेल. आत शंभर ग्रॅम पनीर कुस्करून, तव्यावर जिरं-हळद-मिठात कोरडं परतून भरायचं. कांदा-टोमॅटो घालू नका, त्यांना पाणी सुटतं आणि पनीर त्याच पाण्याने आंबतं. हे सगळं मिळून सदतीस ग्रॅम प्रोटीन आणि सहाशे कॅलरी होतात. दौंड येईपर्यंत जेवून घ्या. नऊ-साडेनऊपर्यंत ठेवू नका आणि ‘एक धिरडं सकाळी खाऊ’ असं तर अजिबात करू नका.

इथे माझीच एक फजिती सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एकदा नागपूरला निघाले होते. घाईत धिरडी तव्यावरून थेट डब्यात टाकली आणि झाकण लावलं. रात्री डबा उघडला तर झाकणाच्या आतून थेंब ओघळत होते, धिरडी चिकट झाली होती आणि पनीरला किंचित आंबूस वास येत होता. वास आला तरी ‘एवढ्याने काय होतं’ म्हणून खाल्लं. पुढचे दोन दिवस काय झालं ते लिहीत नाही. तेव्हापासून नियम केला की गरम पदार्थ जाळीवर किंवा ताटात पसरून पूर्ण गार करायचा, खाली कागदी रुमाल घालायचा, आणि मगच झाकण. पनीरच्या कडा बुळबुळीत लागल्या किंवा पिवळट पाणी सुटलेलं दिसलं, तर चव घेऊन बघण्याच्याही भानगडीत पडू नका.

उकडलेल्या अंड्यांचं विचाराल म्हणून सांगते. फ्रिजबाहेर दोन तास, आणि बत्तीस अंशांच्या वर तापमान असेल तर एकच तास, हा अन्नसुरक्षेचा नियम आहे. पनीरलाही तोच लागू. आपल्याकडे लोक सकाळी उकडलेली अंडी रात्रीपर्यंत खातात आणि बहुतेकदा काही होत नाही, पण ज्या दिवशी होतं त्या दिवशी तुम्ही चालत्या गाडीच्या संडासात असता. म्हणून अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली आदल्या रात्री फ्रीझरमध्ये ठेवायची, पूर्ण न भरता, कारण बर्फ फुगतो. ती डब्याशेजारी थर्मल पिशवीत घालायची. धिरडी-पनीर जेवणापर्यंत गार राहतं आणि नंतर तेच पाणी प्यायला होतं. अंडी न्यायचीच असतील तर सालासकट, याच पिशवीत, आणि त्याच रात्री संपवायची.

दुसऱ्या दिवसासाठी मात्र कोरडं आणि टिकाऊ हवं. इथे आपल्या आज्यांनी प्रश्न आधीच सोडवून ठेवलाय: दशमी. पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवून केलेली पोळी. पाण्याची पोळी दुसऱ्या दिवशी चामड्यासारखी होते, दशमी मऊ राहते. पंढरपूरला किंवा कुलदैवताला निघताना दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायची पद्धत त्यातूनच आली. अडचण एवढीच, की ही न्याहारी तेव्हा दिवसभर पायी चालणाऱ्यांसाठी होती. साध्या दशमीत प्रोटीन जेमतेम चार-पाच ग्रॅम, आणि चटणीत तेल भरपूर.

मी तिच्यात भाजलेल्या सोयाबीनचं पीठ घालते. सहा दशम्यांसाठी दोनशे ग्रॅम कणीक, साठ ग्रॅम सोयाबीनचं पीठ, ओवा, तीळ, तिखट-मीठ, आणि मावेल तेवढं दूध, साधारण पाऊण वाटी. भाजताना प्रत्येकीला थोडं थोडं, मिळून चार चमचे तेल. अशा एका दशमीत साडेआठ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आणि दोनशे कॅलरी येतात. सोयाबीन मात्र नीट भाजलेलंच हवं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रोटीनचं पचन अडवणारे घटक असतात, ते उष्णतेने निकामी होतात. दळून आणलेल्या पिठाला कच्च्या शेंगेसारखा हिरवट वास येत असेल तर ते कमी भाजलंय असं समजा. असं पीठ खाल्लं की पोट फुगतं आणि मग लोक ‘मला सोया पचत नाही’ म्हणतात. थंडीत या दशम्या दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत एसी डब्यात छान राहतात. एप्रिल-मे मध्ये मी दुपारपर्यंतच धरते आणि रात्रीसाठी दुसरी सोय करते, ती पुढे येईल.

दुसरी टिकाऊ वस्तू म्हणजे व्हे, दुधापासून बनणारी प्रोटीन पावडर. घरचा मोठा डबा नेऊ नका. तेहतीस-तेहतीस ग्रॅमच्या पुड्या काट्यावर तोलून छोट्या झिपच्या पिशव्यांत भरा. साध्या व्हेच्या एका पुडीत चोवीस ग्रॅम प्रोटीन आणि एकशेवीस कॅलरी मिळतात, पण तुमच्या डब्यावरचा आकडा वाचून खात्री करा. त्यातला चमचा बेभरवशाचा असतो. दाबून भरला की चाळीस ग्रॅम जातात, मोकळा भरला की पंचवीस. शेकरमध्ये आधी पाणी, मग पावडर, नाहीतर तळाला गोळा बसतो. पॅन्ट्रीवाल्याकडच्या उकळत्या पाण्यात घालू नका, दूध फाटावं तशा गुठळ्या होतात. आणि प्यायल्याबरोबर शेकर विसळा. न विसळलेला, झाकण लावलेला शेकर रात्रभर बर्थखाली राहिला की सकाळी तुमच्या कंपार्टमेंटमध्ये तुमची काय किंमत राहते ते कळेल. बनवलेलं व्हे तसंच ठेवून नंतर पिऊ नका, ते दुधासारखंच नासतं.

व्हे नको असेल तर सातू चालतं का, असं बरेच जण विचारतात. या मार्गावर तर नक्कीच, टाटानगरच्या बाजूला ते घराघरातलं पेय आहे. पण तिथलं सातू म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, आपलं गहू-डाळ्यांचं सातूचं पीठ वेगळं. चाळीस ग्रॅम सातू मीठ-लिंबू घालून प्यायलं तर आठ-नऊ ग्रॅम प्रोटीन आणि दीडशे कॅलरी मिळतात. पोट छान भरतं, पण व्हेच्या पुडीची जागा ते घेत नाही. त्याची बरोबरी फुटाण्यांशी करा.

आता दुसरा दिवस चालवून बघू. सकाळी गाडी नागपूरच्या आसपास असते. पॅन्ट्रीचा ऑम्लेट-ब्रेड घ्या: दोन अंड्यांचं ऑम्लेट आणि दोन स्लाइस, सोळा ग्रॅम प्रोटीन. लोणी नको म्हणा, सॉसची पुडी बाजूला ठेवा, साडेतीनशे कॅलरीत बसतं. त्यावर व्हेची एक पुडी. म्हणजे दिवसाची सुरुवातच चाळीस ग्रॅमने झाली आणि कॅलरी पावणेपाचशेच. लोक नेमकं उलट करतात, सकाळी ‘प्रवासात काय खायचं’ म्हणून चहा-बिस्किटावर राहतात आणि मग दिवसभर खात सुटतात.

दुपारचं जेवण गोंदिया-रायपूरच्या दरम्यान होतं. पॅन्ट्रीचा माणूस ऑर्डर घ्यायला सकाळीच येऊन जातो, तेव्हा झोपून राहिलात तर जे उरेल ते घ्यावं लागतं. अंडाकरीचं जेवण सांगा. ट्रे आल्यावर दोन अंडी, वरण आणि दही पूर्ण, दोन पोळ्या, आणि भात अर्धा. अर्धा भात खायला सुरुवात करण्याआधीच झाकणावर काढून ठेवा. समोर असला की संपतो, हा अनुभव माझाही आहे. रश्शावर तेलाचा तवंग असतो, अंडी त्यातून उचलून घ्या, रस्सा पिऊ नका. सव्वीस ग्रॅम प्रोटीन आणि साडेसहाशे कॅलरी.

पीएनआर टाकून ‘फूड ऑन ट्रॅक’वरून स्टेशनवरच्या हॉटेलातलं जेवणही मागवता येतं. पनीर भुर्जी किंवा अंडा भुर्जी आणि साध्या रोट्या मिळाल्या तर तो पर्याय पॅन्ट्रीपेक्षा बरा. पण ऑर्डर काही तास आधी द्यावी लागते, आणि गाडी लेट झाली की जेवणही लेट होतं. दोन वाजताचं जेवण साडेचारला आलं तर मधली अडीच तासांची पोकळी कोण भरणार? म्हणून असं मागवलंत तरी एक दशमी हाताशी असू द्या. बटर, मलई, मखनी असे शब्द असलेलं काही मागवू नका. शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा ग्रॅम प्रोटीनबरोबर आधीच वीस ग्रॅमहून जास्त चरबी असते, त्यावर आणखी लोणी कशाला?

संध्याकाळ ही सगळ्यात धोक्याची वेळ. चार ते सात. झोप झालेली असते, मोबाइलचा कंटाळा आलेला असतो, आणि बिलासपूरनंतर फेरीवाल्यांची रांग लागते. इथे चाळीस ग्रॅम फुटाण्यांची पुडी काढा. घरून तोलून नेलेली पुडी हवी, मोठी पिशवी नको. आठ-नऊ ग्रॅम प्रोटीन, दीडशे कॅलरी, आणि चावायला वेळ लागतो हा त्यांचा खरा गुण. शेंगदाणे न्यायचा मोह होईल, त्यांतही प्रोटीन आहेच. पण शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत पंचवीस ग्रॅम प्रोटीन असेल तर कॅलरी साडेपाचशेच्या वर. गप्पा मारता मारता शंभर ग्रॅम कधी संपले ते कळत नाही. ‘उबला अंडा’ म्हणत येणाऱ्याकडून घ्यायचं असेल तर साल न काढलेलं, तुमच्यासमोर सोललेलं घ्या. सोलून मीठ-मसाला लावून ठेवलेलं नको.

चहाबद्दल स्वतंत्र बोलावं लागेल. गाडीतला तयार चहा साखर घालूनच येतो, एका कपात साठ-सत्तर कॅलरी. तुमच्या जुन्या पद्धतीने दिवसात पाच-सहा कप, म्हणजे साडेतीनशे ते चारशे कॅलरी आणि प्रोटीन जवळजवळ शून्य. चहा सोडा असं मी म्हणणार नाही, मलाही तो लागतो. एक कप साखरेचा घ्या, तोही फुटाण्यांबरोबर. बाकीच्या वेळी डिपवाला चहा मागा आणि साखरेची पुडी परत द्या.

आणि सहप्रवासी. समोरचं कुटुंब पुऱ्या-भाजीचा डबा उघडतं, तुम्हाला ‘घ्या ना भाऊ’ म्हणतं. नाही म्हटलं तर वाईट वाटतं, हो म्हटलं तर पानात चार पुऱ्या पडतात. मी एक युक्ती वापरते. आपला डबा आधी उघडायचा आणि आपलं आधी पुढे करायचं. सोयाबीनची दशमी लोकांना नवीन असते, त्यावर बोलणं सुरू होतं आणि देवाणघेवाण एका पुरीवर निभावते. यासाठी दोन दशम्या जास्तीच्या न्या.

रात्री दोन दशम्या आणि व्हेची दुसरी पुडी: एक्केचाळीस ग्रॅम, पाचशेवीस कॅलरी. उन्हाळ्यात दशम्यांचा भरवसा नसेल तर त्यांच्याऐवजी गाडीतल्या पोळ्या आणि वरण मागा, भात नको, आणि व्हे तीच. प्रोटीन थोडं कमी पडेल, चालतं. आता बेरीज करा. नाश्ता चाळीस, दुपार सव्वीस, संध्याकाळ नऊ, रात्र एक्केचाळीस. एकशे सोळा ग्रॅम. कॅलरी चहासकट साडेअठराशेच्या आसपास. एखादं नागपूरचं संत्रं खाल्लंत तर एकोणीसशे.

पाणी मुद्दाम प्या. संडासला जावं लागू नये म्हणून लोक गाडीत पाणी टाळतात, आणि प्रोटीन वाढवून पाणी व चोथा कमी झाला की दुसऱ्या दिवशी पोट जड होतं. दशमीतली कणीक, फुटाणे आणि संत्रं यांनी चोथ्याची बाजू बरीचशी सांभाळली जाते.

परतीचं विमान त्यामानाने सोपं आहे. कोलकाता–पुणे उड्डाण तीन तासांच्या आतलं, विमानात फारसं काही बिघडत नाही. बिघडतं विमानतळावर, बोर्डिंगची वाट बघताना. हॉटेलातून निघण्यापूर्वी तीन अंड्यांचं ऑम्लेट आणि दही खाऊन निघा. मग विमानतळावर फक्त बिनसाखरेची कॉफी. व्हेच्या पुड्या हातातल्या बॅगेत चालतात, पण बिनलेबलच्या झिपच्या पिशवीतली पांढरी पावडर पाहून तपासणीत बॅग उघडायला सांगू शकतात. विमानासाठी कंपनीच्या छापील सॅशे घ्या. पुढे कधी परदेशी गेलात तर लक्षात ठेवा, आंतरराष्ट्रीय उड्डाणात शंभर मिलीलिटरची मर्यादा दही, चटणी आणि पीनट बटरलाही लागते.

फुटाणे विमानात टाळा. केबिनमधला हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो, साधारण दोन-अडीच हजार मीटर उंचीवर असावा तेवढा. त्यामुळे पोटातला वायूही फुगतो, वेफरचं पाकीट फुगतं तसाच. याच कारणाने कोरडी पावडर भरून खाली घट्ट बंद केलेला शेकर वर हळूच, तोंडापासून दूर धरून उघडा. नाहीतर पावडर शेजाऱ्याच्या शर्टावर जाईल.

विमानात मिळणारे गरम पाणी घालून तयार होणारे पोहे-उपमा हलके वाटतात, पण त्यांत प्रोटीन पाच-सहा ग्रॅमच. घ्यायचेच तर सोबत सॅशे हवी.

राहिला तो दीड किलोचा प्रश्न. एक किलो चरबी साठायला साधारण ७७०० कॅलरी जास्त खाव्या लागतात. दोन दिवसांत दोन-अडीच हजार जास्त खाल्ल्या, म्हणजे चरबी फार तर पाव किलोच्या आसपास. बाकीचं पाणी आहे: पॅन्ट्रीच्या जेवणातलं मीठ, जास्तीचा भात-पोळी, तासन् तास लटकलेले पाय, साफ न झालेलं पोट, अर्धवट झोप. मोज्याच्या रबराची खूण पायावर खोल उमटलेली दिसत असेल तर ते पाणीच समजा. परतल्यावर तीन दिवस काट्यावर उभे राहू नका. चौथ्या दिवशी सकाळी, पोट साफ झाल्यावर मोजा आणि तो आकडा निघण्याच्या दिवशीच्या आकड्याशी ताडून बघा. अर्ध्या किलोच्या आत फरक असेल तर प्रवास जमला. तो आकडा सलग दोन-तीन फेऱ्यांत त्याहून वर गेला, तर पुढच्या खेपेला गाडीत खाल्लेली प्रत्येक गोष्ट, चहासकट, मोबाइलमध्ये लिहून आणा. चूक संध्याकाळच्या चार ते सातमध्ये सापडेल असा माझा अंदाज आहे.

हे सगळं तुमच्यासारख्या निरोगी माणसासाठी. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर एवढं प्रोटीन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. मधुमेहावर इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी ‘अर्धा भात’ हा भाग जसाच्या तसा उचलू नये, गाडीत जेवण दोन तास लांबलं तर त्यांची साखर खाली जाऊ शकते. पायात एकाच बाजूला सूज आणि पोटरीत दुखणं असेल तर ते मिठाचं पाणी समजून घरी थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.